‘हीच टेस्ट का आणि ८०च जण का?’ परीक्षकांच्या प्रश्नाला लेखी उत्तर कसे तयार करावे

प्रबंधाच्या अहवालात परीक्षक हे दोन प्रश्न बहुतेक वेळा एकेका ओळीत विचारतात. उत्तर मात्र दोन टोकांना जाते. काही जण संख्याशास्त्राच्या पुस्तकातली टी-टेस्टची व्याख्या उतरवून पाठवतात, तर काही जण ‘मार्गदर्शकांच्या सल्ल्याने’ असे लिहून मोकळे होतात. परीक्षकाला यातले काहीच नको असते. तुमच्या प्रश्नाला, तुमच्या मोजमापाला आणि तुमच्या रुग्णसंख्येला ही निवड कशी लागू पडते, हे त्याला वाचायचे असते. नमुना अपुरा असेल, तर त्याचा निष्कर्षावर काय परिणाम झाला हेही त्याला हवे असते.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, मानेच्या जुनाट दुखण्यावरचा अभ्यास आहे. ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून ४०-४० अशी विभागणी केली. एका गटाला नेहमीचा सल्ला दिला, दुसऱ्याला सल्ल्याबरोबर सहा आठवडे व्यायाम दिला. वेदना ० ते १०० मिलिमीटरच्या रेषेवर मोजली. शेवटी व्यायाम गटाची सरासरी ३८ आली आणि सल्ला गटाची ४५. दोन्हीकडे प्रमाण विचलन २० होते. फरक ७ मिमी, टी-टेस्टची पी-व्हॅल्यू ०.१२. प्रबंधाच्या शेवटी वाक्य आहे: ‘व्यायामाचा वेदनेवर परिणाम होत नाही.’ परीक्षकाने लिहिले: ‘१. इंडिपेंडंट टी-टेस्टची निवड स्पष्ट करावी. २. ८० या नमुन्याचा आधार काय? तो पुरेसा आहे का?’ आणि अडचण अशी की नमुन्याचे गणित आधी केलेलेच नव्हते.

आधी कागद काढा, मग लिहायला बसा

‘का निवडली’ या प्रश्नात ‘केव्हा निवडली’ हा प्रश्न दडलेला असतो. आकडे बघून टेस्ट ठरवली की आकडे येण्याआधी ठरवली होती, यावर उत्तराचा सगळा भर बदलतो. म्हणून सिनॉप्सिस, नैतिकता समितीला दिलेला आराखडा, त्यातल्या दुरुस्त्या आणि रुग्णनोंदणीची वही समोर ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर तारखांनुसार चार-पाच ओळी लिहा: मुख्य मोजमाप कधी ठरले, टेस्टचे नाव पहिल्यांदा कुठे आले, ८० हा आकडा कुठे पहिल्यांदा दिसतो, नोंदणी कधी थांबली आणि का.

या कागदाचा उपयोग दुहेरी आहे. एक तर उत्तरात ‘सिनॉप्सिसच्या अमुक पानावर ही टेस्ट नमूद आहे’ असे ठामपणे लिहिता येते. दुसरे म्हणजे जे आधी ठरले नव्हते, ते आधी ठरले होते असे लिहिण्याचा मोह आवरतो. परीक्षकाकडे सिनॉप्सिसची प्रत असू शकते, हे विसरू नका. त्यात नसलेले गणित प्रबंधाच्या उत्तरात अचानक ‘पूर्वनियोजित’ म्हणून उगवले, तर मग बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास जातो.

टेस्टचे उत्तर: प्रश्न, मोजमाप, गट, मग गृहीतके

टेस्टच्या उत्तराची सुरुवात नॉर्मल डिस्ट्रिब्युशनपासून करू नका. ती शेवटची पायरी आहे. आधी अभ्यासाचा प्रश्न एका वाक्यात लिहा: सहा आठवड्यांनंतर दोन गटांच्या सरासरी वेदनेत फरक आहे का? या एका वाक्यातच निम्मे उत्तर येते. सरासरींची तुलना आहे, गट दोन आहेत, आणि एका गटातला रुग्ण दुसऱ्या गटातल्या रुग्णाशी जोडलेला नाही. म्हणून इंडिपेंडंट टी-टेस्ट. तोच प्रश्न ‘व्यायाम गटात आधी आणि नंतर’ असा असता, तर पेअर्ड टी-टेस्ट लागली असती. पण त्या तुलनेतून व्यायामाबद्दल फारसे सिद्ध होत नाही, कारण दुखणे काळाबरोबर आपोआपही कमी होते. बऱ्याच प्रबंधांत दोन्ही गटांची वेगवेगळी पेअर्ड टेस्ट करून ‘इकडे फरक सार्थ, तिकडे नाही, म्हणून व्यायाम चांगला’ असा निष्कर्ष काढलेला असतो. तुमच्याकडे तसे असेल, तर परीक्षकाचा टेस्टबद्दलचा प्रश्न बहुधा याच जागी बोट ठेवतो आहे. तिथे समर्थन करू नका. गटांची थेट तुलना करा आणि तीच मुख्य ठेवा.

त्यानंतर गृहीतके. इथे सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे आकड्यांची विभागणी नॉर्मल आहे का हे तपासणारी शापिरो-विल्क टेस्ट सगळ्या ८० आकड्यांवर एकत्र चालवणे. टी-टेस्टला प्रत्येक गटाच्या आतली विभागणी नॉर्मल हवी असते. दोन गटांच्या सरासरी दूर असतील, तर एकत्र आलेखाला दोन शिखरे दिसू शकतात आणि तरीही प्रत्येक गट व्यवस्थित असू शकतो. म्हणून गटवार हिस्टोग्राम आणि क्यू-क्यू प्लॉट काढा, ते परिशिष्टात द्या आणि उत्तरात दिसते ते लिहा. वेदनेच्या रेषेवर विशेष पाहायची गोष्ट म्हणजे शून्याजवळची गर्दी. बरे झालेले बरेच रुग्ण ०-५च्या आसपास साचले असतील, तर आकडे एका बाजूला कलतात. सरासरी ३८ आणि विचलन २० असताना अशी गर्दी सहसा फार नसते, पण आलेख बघितल्याशिवाय तसे लिहू नका.

शापिरो-विल्कच्या पी-व्हॅल्यूवर सगळी भिस्त ठेवू नये, याचे कारणही उत्तरात एका वाक्यात सांगता येते. गट लहान असतो तेव्हा ही टेस्ट मोठा कलही पकडत नाही आणि गट मोठा असतो तेव्हा क्षुल्लक कलही ‘सार्थ’ ठरवते. ४०-४०च्या सारख्या आकाराच्या गटांत मध्यम कल असला, तरी टी-टेस्टचा निकाल फारसा हलत नाही. विचलने वेगळी असतील, तर वेल्चची टी-टेस्ट वापरा. माझे मत विचाराल तर ती पहिल्यापासूनच वापरावी, म्हणजे विचलने सारखी आहेत का हा वाद उरतच नाही.

‘मग मॅन-व्हिटनी का नाही?’ हा पुढचा प्रश्न येणारच, त्यामुळे त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवा. मॅन-व्हिटनी सरासरींची तुलना करत नाही. एका गटातला कोणताही रुग्ण दुसऱ्या गटातल्या कोणत्याही रुग्णापेक्षा जास्त आकडा देण्याकडे कल आहे का, हे ती पाहते. दोन्ही गटांच्या विभागणीचा आकार सारखा असेल तरच तिला मध्यकांची तुलना म्हणता येते. तुमचा प्रश्न ‘सरासरी किती मिलिमीटरने कमी झाली’ असा असेल, तर टी-टेस्ट त्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. मॅन-व्हिटनी पडताळणी म्हणून चालवा आणि निकालाची दिशा तीच आली की नाही ते एका ओळीत लिहा.

या अभ्यासात परीक्षकाच्या मनात आणखी एक प्रश्न असू शकतो आणि तो मला जास्त रास्त वाटतो: सुरुवातीची वेदना हिशेबात का घेतली नाही? समजा, सुरुवातीला व्यायाम गटाची सरासरी ६० होती आणि सल्ला गटाची ६२. म्हणजे व्यायाम गट मुळातच २ मिमी पुढे होता. अशा वेळी अँकोव्हा करतात, म्हणजे शेवटच्या आकड्यावर गटाचा परिणाम पाहताना सुरुवातीचा आकडा सोबत घेतात. आर या प्रणालीत ते एका ओळीचे काम आहे:

```
lm(nantar ~ adhi + gat, data = d)
```

आधीच्या आणि नंतरच्या वेदनेतला सहसंबंध ०.६ असेल आणि विचलने सारखी असतील, तर सुरुवातीच्या २ मिमीपैकी ०.६ पट, म्हणजे १.२ मिमी वजा होतात आणि फरक ७ऐवजी ५.८ उरतो. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र साधारण पाचव्या हिश्शाने अरुंद होतो, कारण आकड्यांतल्या विखुरण्याचा एक भाग सुरुवातीच्या वेदनेने समजावून दिलेला असतो. नुसता ‘आधी वजा नंतर’ असा फरक घेऊन टी-टेस्ट करण्यापेक्षा हे बरे. सहसंबंध ०.५पेक्षा कमी असला, तर त्या वजाबाकीचे विचलन मूळ आकड्यापेक्षाही मोठे होते.

हे विश्लेषण उत्तरात द्यायचे, पण ‘परीक्षकांच्या सूचनेनंतर केलेले पूरक विश्लेषण’ असे नाव देऊन. समजा, त्यात पी-व्हॅल्यू ०.०५च्या खाली गेली असती, तरीही मुख्य टेस्ट बदलून निष्कर्ष फिरवणे योग्य ठरले नसते. निकाल बघून टेस्ट बदलली असा सरळ आरोप मग होतो आणि त्याला उत्तर नसते.

नमुन्याचे उत्तर: तीन पळवाटा आधी बंद करा

नमुन्याचे गणित आधी केलेले नसेल, तर हात आपोआप तीन उत्तरांकडे जातो. पहिले: ‘प्रत्येक गटात ३०पेक्षा जास्त जण असल्याने नमुना पुरेसा आहे.’ तीसचा हा नियम सरासरीची विभागणी नॉर्मलच्या किती जवळ जाते याविषयीचा ढोबळ आडाखा आहे. अपेक्षित फरक पकडण्याची ताकद अभ्यासात आहे की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. दुसरे: लोकसंख्येवरून नमुना देणारे तयार तक्ते. त्यातला ३८४ हा प्रसिद्ध आकडा मोठ्या लोकसंख्येतले एखादे प्रमाण ५ टक्के चुकीच्या मर्यादेत आणि ९५ टक्के विश्वासाने मोजण्यासाठी आहे. प्रमाण ५० टक्के धरले, तर १.९६चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५चा वर्ग, म्हणजे ३८४. सर्वेक्षणासाठी ते ठीक. दोन गटांच्या सरासरींच्या तुलनेशी त्याचा संबंध नाही, आणि जाणता परीक्षक हे पहिल्या वाचनात ओळखतो.

तिसरी पळवाट जास्त फसवी आहे, कारण ती शास्त्रीय दिसते. अभ्यासात आलेलाच फरक आणि आलेलेच विचलन घालून ‘पॉवर’, म्हणजे खरा फरक पकडण्याची ताकद, काढायची आणि छापायची. आपल्या उदाहरणात ती साधारण एक तृतीयांश येते. पण हा आकडा पी-व्हॅल्यूचेच दुसरे रूप आहे. पी ०.०५ असली की अशी पॉवर जवळपास ५० टक्के येते, पी वाढली की ती घटते. निकाल सार्थ आला नाही हे आधीच माहीत होते, तेच दुसऱ्या वेशात परत सांगितले, एवढेच. एखादा परीक्षक स्वतःच ‘पोस्ट-हॉक पॉवर द्या’ म्हणतो. तेव्हा मागितलेला आकडा द्या, पण पुढच्याच वाक्यात वरचे कारण सांगून खालचा हिशेब जोडा.

मग लिहायचे काय?

दोन हिशेब लिहायचे. पहिला: आधी गणित केले असते, तर किती रुग्ण लागले असते? त्यासाठी चार गोष्टी हव्यात: रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असा सर्वात लहान फरक, विचलन, सार्थकता पातळी आणि पॉवर. आपल्या उदाहरणात मागच्या प्रकाशित अभ्यासांवरून अर्थपूर्ण फरक १० मिमी आणि विचलन २० धरले आहे असे समजू. सार्थकता ५ टक्के दुबाजू, पॉवर ८० टक्के.

```
power.t.test(delta = 10, sd = 20, sig.level = 0.05, power = 0.80)
```

उत्तर ६३.८ येते, म्हणजे प्रत्येक गटात ६४. दहा टक्के रुग्ण मध्येच सोडून जातील असे धरले, तर ६४ला ०.९ने भागायचे. येतात ७१.१, म्हणून ७२. (६४मध्ये दहा टक्के मिळवून ७१ लिहिणारे बरेच असतात. एका रुग्णाचाच फरक, पण परीक्षकाची नजर तिथे जाते.) म्हणजे १४४ हवे होते आणि घेतले ८०. हे लपवायचे नाही.

दुसरा हिशेब उलटा: हातात असलेल्या ४०-४० रुग्णांत ८० टक्के पॉवरने किती फरक पकडता आला असता?

```
power.t.test(n = 40, sd = 20, sig.level = 0.05, power = 0.80)
```

उत्तर सुमारे १२.७ मिमी. हा आकडा आलेल्या फरकावर अवलंबून नाही, म्हणून तो मघाच्या फसव्या पॉवरसारखा नाही. विचलन स्वतःच्या अभ्यासातले घेतले तरी चालते, फक्त तसे लिहा. अर्थपूर्ण फरक मात्र बाहेरूनच यायला हवा. आलेला ७ मिमी तिथे घातला की आपण परत तिसऱ्या पळवाटेत शिरतो.

यापेक्षाही जास्त बोलतो तो कॉन्फिडन्स इंटरव्हल. ७ मिमी फरक, प्रमाण त्रुटी ४.५, म्हणून अंतर उणे १.९ ते १५.९. या अंतरात शून्यही आहे आणि १०ही आहे. म्हणजे व्यायामाने काहीच होत नाही ही शक्यता उरते आणि रुग्णाला जाणवेल इतका फायदा होतो ही शक्यताही उरते. अभ्यास या दोहोंत निवाडा करू शकत नाही. नमुना अपुरा होता का, या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. विचलन निम्मे असते आणि हेच अंतर उणे ४ ते ५ असे आले असते, तर ८० रुग्ण असूनही १० मिमीचा फायदा नाकारता आला असता आणि ‘नमुना लहान’ या आक्षेपातली बरीच हवा निघाली असती.

उत्तराचा मसुदा

प्रत्येक उत्तराचे तीन भाग करा: परीक्षकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत, तुमचे उत्तर, आणि प्रबंधात केलेला बदल पान व परिच्छेदासह. उत्तराच्या पहिल्या वाक्यात थेट उत्तर यावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे लिहिता येईल:

‘नमुन्याचा आकार पूर्वगणनेने ठरवलेला नव्हता. उपलब्ध कालावधीत नोंदवता आलेले सर्व पात्र रुग्ण (८०) घेतले. प्रबंधाच्या पद्धती विभागात हे स्पष्ट केलेले नव्हते, आता केले आहे. १० मिमीचा फरक (प्रमाण विचलन २०, दुबाजू सार्थकता ५ टक्के, पॉवर ८० टक्के) शोधण्यासाठी प्रत्येक गटात ६४ रुग्ण आवश्यक होते. प्रत्येक गटात ४० रुग्ण असताना ८० टक्के पॉवरने सुमारे १२.७ मिमी किंवा त्याहून मोठा फरकच शोधता येतो. मिळालेला फरक ७ मिमी असून त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे १.९ ते १५.९ आहे. त्यात शून्य आणि १० मिमी हे दोन्ही येतात, त्यामुळे अर्थपूर्ण परिणाम नाकारता येत नाही. ‘व्यायामाचा वेदनेवर परिणाम होत नाही’ हे विधान काढून ‘या अभ्यासातून व्यायामाचा परिणाम आहे किंवा नाही असे निश्चित सांगता येत नाही’ असे विधान घातले आहे.’

शेवटचे वाक्य सर्वात महत्त्वाचे आणि तेच बहुतेक जण गाळतात. नमुना लहान होता असे कबूल करून निष्कर्ष जसाच्या तसा ठेवला, तर परीक्षकाला काहीच मिळत नाही. मर्यादा मान्य केली की निष्कर्षाचे शब्द हलायलाच हवेत. ‘वेळेअभावी’, ‘साधनांअभावी’ याची कैफियत मात्र एका वाक्यापलीकडे नेऊ नका.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर याहून लहान असावे: अभ्यासाचा प्रश्न, गट स्वतंत्र असल्याचे कारण, गटवार आलेखांतून दिसलेले, वेल्च आणि मॅन-व्हिटनीचा पडताळा, आणि अँकोव्हाचा पूरक निकाल (५.८ मिमी, उणे १.३ ते १२.९). सात-आठ वाक्यांत हे बसते. सूत्रे उतरवून पान भरू नका.

जिथे हे उत्तर टिकत नाही

एक परिस्थिती वेगळी काढतो. चिठ्ठ्या रुग्णवार न टाकता वॉर्डवार किंवा तुकडीवार टाकल्या असतील, म्हणजे दोन वॉर्डांना व्यायाम आणि दोन वॉर्डांना नुसता सल्ला, तर ८० स्वतंत्र रुग्ण हे गृहीतकच मोडते. एकाच वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे असतात. एका वॉर्डात २० जण आणि त्यांच्यातले साधर्म्य ०.०५ इतके थोडे धरले, तरी १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट नमुना लागतो. ८० रुग्णांना जेमतेम ४१ स्वतंत्र रुग्णांइतकेच वजन उरते. शिवाय प्रत्येक बाजूला दोनच वॉर्ड असल्याने वॉर्डाचा परिणाम आणि व्यायामाचा परिणाम वेगळे करणे जवळपास अशक्य होते. अशा वेळी टी-टेस्टचे समर्थन कितीही नेटके लिहिले तरी उपयोग नाही. रचनेची मर्यादा मान्य करा आणि संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून बहुस्तरीय विश्लेषण शक्य आहे का ते पाहा. नसेल, तर निष्कर्ष ‘प्राथमिक निरीक्षण’ या पातळीवर आणा.

मसुदा झाला की मार्गदर्शकांना दाखवण्याआधी आकड्यांची एक फेरी करा. बदललेला निष्कर्ष सारांशात, चर्चेत आणि शेवटच्या प्रकरणात तिन्हीकडे सारखा आहे का, ४०-४० हा आकडा प्रत्येक तक्त्यात तोच आहे का, हे पाहा. मध्येच सोडून गेलेल्या रुग्णांमुळे एखाद्या तक्त्यात ३८ आणि दुसऱ्यात ४० असे आले असेल, तर उत्तरातल्या १२.७चा हिशेबही ३८वरून परत करावा लागेल, आणि गळालेले दोघे विश्लेषणात कसे धरले याचे एक वाक्य वाढवावे लागेल.